बेळगावच्या कचेरीत अर्ज द्यायचाय: मराठीत, कन्नडात की इंग्रजीत?

बेळगाव तालुक्यातल्या एखाद्या शेतकऱ्याच्या उताऱ्यावर वडिलांचं नाव चुकलंय असं समजा. कचेरीचं कामकाज कन्नडात चालतं आणि घरात सगळे मराठी बोलतात. अर्ज कुठल्या भाषेत लिहायचा, हे कागद कोणत्या प्रकारचा आहे त्यावर ठरतं.

गाऱ्हाणं मांडायचं असेल तर मराठीत खुशाल लिहा. राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणे, राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत कुठल्याही अधिकाऱ्याकडे तक्रार निवारणाचा अर्ज देता येतो. मराठीत आहे म्हणून तो नाकारला, तर या कलमाचा उल्लेख करून तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवावा. मात्र उत्तर मराठीतच येईल, अशी हमी हे कलम देत नाही. शिवाय टेबलावरच्या कारकुनाला मराठी वाचता येत नसेल, तर अर्ज भाषांतराची वाट बघत पडून राहतो.

कन्नडातला अर्ज भाषांतराशिवाय वाचला जातो, हा त्याचा मोठा फायदा. पण तो बहुधा कचेरीबाहेरच्या टायपिस्टकडून लिहून घ्यावा लागतो, आणि न वाचता येणाऱ्या मजकुराखाली सही करणं मला फार धोक्याचं वाटतं. मागणी ‘नाव दुरुस्ती’ची असताना ‘वारसा नोंद’ असं लिहिलं गेलं, तर प्रकरण वेगळ्याच वाटेला लागतं. म्हणून कन्नड वाचणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून मजकूर मोठ्याने वाचून घ्या आणि मगच सही करा.

इंग्रजी मधली वाट वाटते, पण नावाच्या दुरुस्तीत तीच घात करते. रोमन लिपीत ‘मालू’ आणि ‘माळू’ सारखेच दिसतात. तिथून कन्नडात नोंद करणारा अंदाजाने लिहितो. मराठीतला ‘ळ’ कन्नड लिपीत जसाच्या तसा उतरतो, मध्ये इंग्रजी आली की हरवतो.

माहिती अधिकाराचा अर्ज मात्र या नियमात बसत नाही. २००५ च्या कायद्याच्या कलम ६ मध्ये इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा एवढ्याच भाषा दिल्या आहेत. उत्तराच्या ३० दिवसांच्या मुदतीवर भाषेवरून वाद नको असेल, तर इथे मराठीचा आग्रह धरू नका. कन्नड जमत नसेल तर हिंदीत लिहा. हिंदीची ही मुभा बेळगावातही आहे, हे अनेकांना ठाऊक नसतं. कर्नाटकाच्या नियमांत अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांचा हवा, हेही सांभाळा.

नावाच्या दुरुस्तीसाठी मी मूळ अर्ज मराठीतच देईन. त्याला अर्ध्या पानाचा कन्नड गोषवारा जोडेन: सर्व्हे नंबर, चुकीचं नाव, बरोबर नाव आणि मागणी. नावं दोन्ही लिपींत शेजारी-शेजारी लिहीन. ‘मतभेद झाल्यास मराठी मजकूर माझं म्हणणं समजावं’ हे वाक्य गोषवाऱ्याच्या शेवटी कन्नडात घालेन, आणि आवक क्रमांक व तारखेचा शिक्का दोन्ही कागदांच्या प्रतींवर मारून घेईन.