प्री-ऑर्डर की ‘आली की कळवा’ यादी? एका मागाचा हिशेब

कोसा करवतकाठीच्या चार साड्या इन्स्टाग्रामवर टाकल्या, दोन दिवसांत गेल्या, आणि मग पंधरा दिवस एकच प्रश्न: ‘ताई, ही परत येईल का?’ भंडारा जिल्ह्यात मोहाडी-आंधळगावकडे ज्यांच्या घरी एखाददुसरा माग चालतो त्यांना हा प्रश्न नवा नाही. त्याला उत्तर द्यायचे दोन मार्ग आहेत. साडी विणून व्हायच्या आधीच पैसे घेऊन ऑर्डर पक्की करायची, म्हणजे प्री-ऑर्डर. किंवा पैसे न घेता नाव लिहून ठेवायचं आणि माल आला की कळवायचं, म्हणजे वेटलिस्ट. ऑनलाइन दुकानाच्या सेटिंगमध्ये या दोन्ही सोयी जवळजवळ दिसतात, त्यामुळे त्या एकाच कामाच्या वाटतात. तसं नाही. प्री-ऑर्डर घेतली की तुम्ही गिऱ्हाइकाचं देणं लागता. वेटलिस्टमध्ये फक्त एका निरोपाचं.

माझं मत आधीच सांगते. ताणा, म्हणजे साडीचे उभे धागे, मागावर चढलेला असेल तर प्री-ऑर्डर घ्या, तीही त्या ताण्यातून निघणाऱ्या साड्यांपेक्षा एक कमी. ताणा अजून चढायचा असेल तर फक्त यादी. पैसे नकोत, तारीख नको.

बॅच कशाने ठरते

करवतकाठीत बॅच ठरते ताण्याने. ताण्याच्या लांबीत जितक्या साड्या बसतात तितक्याच निघतात. पुढे नवं सूत, नवा रंग, नवं जोडकाम. अंग कोशाचं, काठ सुती, आणि काठाचे करवतीसारखे दात अंगात पक्के गुंतावेत म्हणून आडवा धागा नेणारे तीन धोटे चालवावे लागतात. घाई आहे म्हणून दुसरा माणूस त्याच मागावर बसवता येत नाही.

त्यातून रंगाचा प्रश्न. कोसा हे रानातल्या ऐन-अर्जुनाच्या झाडांवरच्या अळीचं रेशीम. एका खेपेचं सूत मधाळ असतं, दुसऱ्या खेपेचं जरा राखाडीकडे झुकलेलं. त्यावर तोच रंग त्याच मापाने चढवला तरी छटा हलते. दोन साड्या शेजारी ठेवल्या की फरक दिसतो, फोनवरच्या फोटोत दिसत नाही, आणि भांडण नेमकं त्यावरूनच होतं. म्हणून पुढच्या ताण्याची साडी ‘तीच परत आली’ म्हणून विकू नये. फोटो नवा काढावा, तोही दिवसाच्या उजेडात, अंगणात. आधीच्या साडीचा जुना फोटो दाखवून प्री-ऑर्डर घेणं म्हणजे परतीची सोय स्वतःच करून ठेवणं.

मागावरच्या ताण्याचं तसं नसतं. सूत रंगवून झालेलं आहे, हातभर विणकाम डोळ्यांसमोर आहे. त्याचाच फोटो काढून पाठवला तर गिऱ्हाइकाला जे दिसतं तेच मिळतं.

प्री-ऑर्डर: बटणातली गोम

WooCommerce वर ऑनलाइन दुकान असेल तर मालाच्या साठ्याच्या सेटिंगमध्ये `Allow backorders?` असा पर्याय असतो. त्यात `Allow` किंवा `Allow, but notify customer` निवडलं की साठा शून्य झाल्यावरही ऑर्डर घेतल्या जातात. Shopify मध्ये याच कामाची खूण आहे `Continue selling when out of stock`. कारखान्यातून माल मागवणाऱ्याला हे ठीक, कारण सात ऑर्डर जास्त आल्या तर तो सात नग जास्त मागवतो. तुमच्याकडे साठा उणे सात दाखवू लागला तर त्या सात साड्या कुठून आणणार? ही सोय कुठे थांबायचं ते विचारत नाही.

म्हणून ती खूण बंदच ठेवावी. साडीची वेगळी नोंद करावी, नावातच ‘मागावर आहे’ असं लिहावं, ताण्यात चार साड्या असतील तर साठा तीन टाकावा आणि तारीख वर्णनाच्या पहिल्या ओळीत द्यावी. तीन गेल्या की दुकान आपोआप ‘संपले’ म्हणेल. प्री-ऑर्डरच्या खास प्लगइनची गरज या कामाला पडत नाही.

आता तारीख. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे सांगितलेल्या तारखेपेक्षा माल उशिरा पोचला तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. सूट फक्त आपल्या हाताबाहेरच्या आपत्तीला. धानाचं रोवणं लांबलं, ही काही आपत्ती धरली जाणार नाही. तेव्हा तारीख लिहिताना माग किती वेगाने चालतो तेवढंच बघून भागत नाही, शेतीचं वेळापत्रकही बघावं लागतं. आडव्या सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायाच रोवण्याला जातात, आणि कांड्या नसल्या की माग उभा राहतो.

पैशाचंही तसंच. पूर्ण रक्कम ऑनलाइन पेमेंट गेटवेवरून घेतली आणि परत करावी लागली, तर गेटवेचं शुल्क सहसा परत मिळत नाही. साडी ९,००० रुपयांची, शुल्क २ टक्के, त्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर एका परतीमागे २१२ रुपये गेले. त्यापेक्षा एक तृतीयांश आगाऊ घ्यावेत आणि बाकीचे साडी घडी घालून तयार झाल्यावर, फोटो पाठवून. कार्डावर रक्कम नुसती अडकवून ठेवायची आणि माल निघाला की वसूल करायची, ही पद्धत महिनाभर चालणाऱ्या कामाला उपयोगाची नाही. आपल्याकडच्या गेटवेत अडकवलेली रक्कम काही दिवसांतच आपोआप परत जाते. जीएसटी नोंदणी असेल तर एक दिलासा आहे: मालाच्या आगाऊ रकमेवर लगेच कर भरावा लागत नाही, बीजक काढताना भरायचा. नोव्हेंबर २०१७ पासून तसं आहे.

यादी: फुकट आहे, पण नीट चालवली तर

वेबसाइटवरची ‘आली की कळवा’ सोय एका साध्या खुणेवर चालते. साठा शून्यावरून वर गेला की नाव दिलेल्या सगळ्यांना बहुधा एकदमच निरोप जातो. मुंबईहून परत आलेली एक साडी तुम्ही साठ्यात ‘१’ म्हणून टाकली, की बावीस जणांना ईमेल. एकीला साडी मिळते, एकवीस जणी पुन्हा ‘संपले’ बघतात. पुढच्या वेळी त्या निरोप उघडतील का, शंकाच आहे. परत आलेला नग म्हणूनच वेबसाइटवर चढवू नये. यादीतल्या पहिल्या नावाला थेट विचारावं.

गावाकडून विकणाऱ्या बहुतेकांची यादी तशीही व्हॉट्सॲपवरच असते, आणि तिथली अडचण वेगळी. ब्रॉडकास्ट लिस्टचा निरोप ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच पोचतो. इन्स्टाग्रामवरून आलेली गिऱ्हाइकं नंबर सेव्ह करत नाहीत. तुम्हाला वाटतं सगळ्यांना कळवलं, समोरून उत्तर नाही, म्हणजे कुणाला नको आहे; प्रत्यक्षात निरोप गेलेलाच नसतो. नावापुढे एकच टिक बराच काळ राहिली तर फोन बंद असेल किंवा तुमचा नंबर सेव्ह नसेल. यादी छोटी असते, एकेकीला स्वतंत्र लिहायला अर्धा तास पुरतो. तोच करावा.

नाव लिहून घेताना रंग आणि काठ सगळेच विचारतात. त्यासोबत ‘कधीपर्यंत हवी’ आणि ‘किती रुपयांपर्यंत’ हेही विचारा. जिला भाचीच्या लग्नाला साडी हवी होती तिचं नाव लग्न उरकल्यावर यादीत ठेवून काय उपयोग? अशा मेलेल्या नावांनीच यादी लांबलचक दिसते आणि नवा ताणा घालताना आपण फसतो.

ऑगस्टचं उदाहरण

समजा १ ऑगस्टला ताणा चढला. त्यात चार साड्या. मोकळ्या दिवसांत एका साडीला सात दिवस लागतात, पण भंडाऱ्याकडे ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत रोवणं चालतं, वर पावसाचा ओलावा. म्हणून दहा दिवस धरू. साड्या निघतील ११, २१, ३१ ऑगस्ट आणि १० सप्टेंबरला. गाठी काढणं, घडी, स्पीड पोस्ट यांना आठ-दहा दिवस सोडून गिऱ्हाइकांना तारखा द्यायच्या: पहिलीला २० ऑगस्ट, दुसरीला ३० ऑगस्ट, तिसरीला १० सप्टेंबर. चौथी आधी विकायचीच नाही. एखादीत सूत तुटून दोष आला तर तिच्या जागी चौथी जाते. नाहीच लागली तर शेवटी यादीत विकते, तीही ‘लगेच पाठवते’ असं सांगून.

या वेगवेगळ्या तारखा देण्याआधी विणकराला एक विचारून घ्यावं. काही जण प्रत्येक साडी झाली की कापून देतात, काही जण ताणा संपेपर्यंत मागावरून काहीच उतरवत नाहीत. ‘मधात नाही कापत मी, बाप्पा’ असं उत्तर आलं, तर तिघींनाही एकच तारीख: २० सप्टेंबर.

यादीत बावीस नावं आहेत. त्यातल्या पाच जणींना २० ऑगस्टच्या आधी हवी होती. त्यांना सरळ नाही म्हणून कळवायचं. उरलेल्या सतरांपैकी पहिल्या तिघींना मागावरच्या कापडाचा फोटो आणि हा निरोप:

‘ताई, तुम्ही मागितलेल्या जांभळ्या करवतकाठीचा ताणा मागावर आहे. या वेळचा रंग फोटोत आहे तसा, आधीच्यापेक्षा थोडा गडद. किंमत ९,०००, आगाऊ ३,०००. २० ऑगस्टपर्यंत तुमच्या हातात. उद्या सकाळी १० पर्यंत तुमच्यासाठी ठेवते, नंतर पुढच्या ताईंना विचारीन.’

दुसरी आणि तिसरी यांना आपापली तारीख. दहा वाजले की ज्यांनी पैसे दिले नाहीत त्यांच्या जागी चौथीपासून पुढे. निरोपात वेळ लिहिली नसेल तर तीन दिवसांनी पहिली म्हणते ‘मी पाठवतच होते’, आणि एका साडीचे दोघींनी पैसे दिलेले असतात.

आगाऊ आलेले ९,००० याच ताण्याच्या मजुरीला लावावेत. त्यातून पुढच्या ताण्याचं सूत घेतलं आणि एकीने तारीख चुकली म्हणून पैसे परत मागितले, तर ते सुतात अडकलेले असतात.

दसऱ्यापासून, दिवाळीनंतर गावोगावी भरणारी मंडईची जत्रा संपेपर्यंत मी प्री-ऑर्डर पूर्ण बंद ठेवते. मागणी तेव्हाच सगळ्यात जास्त असते, हे खरं. पण धानाची कापणी, दिवाळी आणि मंडईच्या पाहुण्यांत माग किती दिवस चालेल हे विणकरालाही सांगता येत नाही. तेव्हा तयार साडी हातात आली की फोटो, यादीतल्या पहिल्या नावाला विचारणा, आणि पैसे पूर्ण. नवा रंग ठरवायचा तोही याच काळातल्या यादीवरून, मात्र ज्यांनी विचारल्यावर दुसऱ्यांदा ‘हो’ म्हटलं तेवढीच नावं मोजून.