जीआय, सीपीव्हीसी की कॉपर? वर्षभरानंतर गरम पाण्याच्या लाईनचा हिशेब

सीपीव्हीसी म्हणजे गरम पाण्यालाही चालणारा प्लॅस्टिक पाइप, त्याला गंज चढत नाही, हे खरंय. आमच्या इंदिरानगरच्या रो-हाऊसमध्ये नवीन लाईन टाकून वर्षही झालं नव्हतं आणि बाथरूमच्या भिंतीला ओल आली, टाइल फोडावी लागली, हेही तितकंच खरंय. त्यामुळे "पन्नास वर्षं बघायला नको" असं सांगणाऱ्या दुकानदारावर माझा अजून राग आहे. पाइपावर मात्र तेवढा राहिलेला नाही. का, ते पुढे येईलच.

आधी जुनं जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाइप, का काढला ते. नळ उघडला की पहिले दोन-चार सेकंद पाणी जोरात यायचं आणि मग धार बारीक व्हायची. टाकी भरलेली, नळाची जाळी साफ, तरी असं होत असेल तर पाइप आतून भरलाय असं समजा. सकाळचा पहिला तांब्या तांबूस यायचा. भिंतीतून काढलेला अर्धा इंची तुकडा मी अजून ठेवलाय, त्यातून साधी पेन्सिल जात नाही. सरळ पाइप त्यामानाने बरा होता. सगळ्यात वाईट हाल आट्यांवर, म्हणजे एल्बो आणि टीच्या तोंडाशी. तिथे आटे पाडताना जस्ताचा थर निघून जातो आणि पाइपाची जाडीही कमी होते, म्हणून गंज तिथूनच सुरू होतो.

गरम पाण्याची लाईन थंडच्या कितीतरी आधी गेली होती. हे मला उशिरा कळलं, पण कारण पक्कं आहे. थंड पाण्यात जस्त स्वतः झिजतं आणि लोखंड वाचवतं. पाणी साधारण 60 अंशांच्या वर गेलं की काही पाण्यांत हा संबंध उलटतो. मग जस्त शाबूत राहतं आणि जिथे ते खरवडलं गेलंय तिथे लोखंडाला खोल छिद्रं पडतात. सोलरच्या पाण्याला 60 अंश म्हणजे काहीच नाही. त्यामुळे सोलर किंवा गीझरच्या लाईनला आज कुणी जीआय सुचवत असेल तर हात जोडा.

कॉपरचं कोटेशन सीपीव्हीसीच्या चौपटीच्या पुढे गेलं. शिवाय नेहमीचा प्लंबर ब्रेझिंग, म्हणजे तांब्याचे जोड तापवून डाग देणं, करत नाही, त्यासाठी एसीवाला मेकॅनिक बोलवावा लागतो. तांब्या-पितळेच्या भांडी बाजाराच्या आमच्या गावात तांब्याची लाईन जोडायला माणूस मिळू नये, याची गंमत वाटली. मधला मार्ग म्हणून एकाने सुचवलं, "भाऊ, गच्चीवरचं तेवढं कॉपर करा, खालचं जीआय राहू द्या." हे अजिबात करू नका. तांब्यातून वाहणाऱ्या पाण्यात थोडंसं तांबं विरघळून पुढे जातं, जस्तावर बसतं आणि पुढच्या जीआयला नेमक्या त्या जागी भोकं पाडतं. जीआय आधी आणि कॉपर नंतर असेल तर हा त्रास होत नाही, उलट्या क्रमाने होतो. आपल्या घरात पाणी गच्चीवरून खाली येतं, म्हणजे बरोबर चुकीचा क्रम.

मग आतलं सगळं जीआय काढून सीपीव्हीसी टाकलं, एसडीआर 11, म्हणजे जाड भिंतीचं. आता ओलीची गोष्ट.

हिवाळ्यात डाग दिसला. पावसाळ्यात तो सुकला. भर पावसाळ्यात ओल सुकते म्हणजे पाणी बाहेरून येत नाही, एवढं तरी कळलं. ऑक्टोबरचं ऊन लागलं तसा डाग परत आला. मग सोलरचा व्हॉल्व चार दिवस बंद ठेवला आणि गीझर लावून थंड लाईनवर काम चालवलं. भिंत सुकली. पावसाळ्यात सोलर कोमटच असतो, म्हणून तेव्हा गळती थांबली होती. गळती गरम लाईनचीच होती.

टाइल फोडली तेव्हा पाइप चकचकीत, सोल्युशनचा एकही जोड सुटलेला नाही. तडा होता तो नळाच्या एल्बोला, आट्यांच्या जागी. पितळी आट्यांचा एल्बो लावायचा तिथे प्लॅस्टिकच्या आट्यांचा लावलेला, आणि त्यात जीआयचा निप्पल पान्याने पिळून बसवलेला. वर आट्यांना गुंडाळायचं जुन्या पद्धतीचं सूत-सफेदा! सफेद्यातलं तेल सीपीव्हीसीला चालत नाही, तिथे टेफ्लॉन टेप लागते. फिटर म्हणाला, "आम्ही तीस वर्षं असंच करतोय." तीस वर्षं जीआयवर करत होता, बाबा.

तोवर मी सगळा दोष त्यालाच देत होतो. मग गच्चीवरून डक्टमध्ये उतरणारी लाईन भर दुपारी वाकून पाहिली. पाइपाला चक्क पोट आलेलं! सकाळी तीच लाईन सरळ. हिशेब करून पाहा. सीपीव्हीसी दर मीटरला, दर 10 अंशांच्या वाढीला साधारण 0.65 मिलिमीटर लांबतो. आमची लाईन 8 मीटर. थंडीतल्या पहाटे पाइप 10 अंशांवर, सोलरचं पाणी आलं की 70 वर. म्हणजे 60 अंशांचा फरक आणि 31 मिलिमीटर वाढ, सव्वा इंच! तेवढ्याच लांबीत कॉपर 8 मिलिमीटर वाढतो आणि जीआय 6 च्या आत. वरचं टोक सोलरच्या टाकीला पक्कं, खालचं भिंतीत चिणलेलं, मधे सगळ्या क्लॅम्प आवळलेल्या. मग तो सव्वा इंच कुठे जाणार? रोज थोडा थोडा त्या एल्बोवर जात होता. पितळी आटे असते तर एल्बो जास्त टिकला असता, पण ताण तोच राहिला असता.

आता डक्टमध्ये मधोमध यू आकाराचा लूप घेतलाय, एकूण दोन-अडीच फूट पाइप त्यात गेला. त्याची शेजारची क्लॅम्प काढली, बाकीच्या ढिल्या केल्या, पाइप सरकेल इतपत. एल्बो पितळी आट्यांचा. पोट येणं थांबलं, लूपचे पाय उन्हात जरा जवळ येतात तेवढंच. भिंत या हिवाळ्यात कोरडी आहे.

मे महिन्याचा प्रश्न वेगळा. घर बंद असेल तर सोलरचं पाणी उकळीच्या जवळ जातं आणि सीपीव्हीसीची छापील मर्यादा 82 अंश. आमची टाकी बिनदाबाची, उंचीही कमी, म्हणून पाइप फुटणार नाही, पण मऊ पडून झोळ येतो. त्यातून गच्चीवर थेट ऊन. त्यामुळे टाकीपासून डक्टच्या तोंडापर्यंतचे तीन मीटर मी शेवटी कॉपरचे करून घेतले. तीन मीटरचे पैसे सोसले, पुढे सीपीव्हीसी असल्यामुळे जस्ताचा प्रश्नही नाही. सगळ्या घराचं कॉपर मात्र मी अजूनही करणार नाही. थंड लाईनला त्याचा काही उपयोग मला दिसत नाही, तिथे सीपीव्हीसीने एक थेंब त्रास दिलेला नाही.

तुम्ही टाकणार असाल तर प्लास्टर करायच्या आधी थंडच नाही, गरम पाणी सोडूनही लाईन तपासा. आमच्याकडे हातपंपाने दाब दिला तो फक्त थंड पाण्याने, आणि त्यात सगळं पास झालं होतं.

मोटारीपासून गच्चीच्या टाकीपर्यंतची लाईन अजून जीआयच आहे, बी क्लास, निळ्या पट्टीची. फिटर तीही बदला म्हणतो. ती उन्हात आहे, पार्किंगमध्ये तिला रोज कुणाची तरी स्कूटर टेकते आणि तिच्यातून थंड पाणीच जातं. आटे गळायला लागले तर बघू.