आठ महिन्यांनंतर: ७५ सेंमीचं टेबल, खुर्ची, विटा आणि कागदाचं रीम

लातूरच्या एका पतसंस्थेतल्या ऑपरेटरच्या टेबलाची ही बैठक-तपासणी. ऑपरेटरची उंची साडेपाच फूट, काम दिवसभर व्हाउचर चढवण्याचं. टेबल ठोकून बसवलेलं, उंची ७५ सेंमी. ते हलणार नाही, म्हणून सगळं माप टेबलापासून उलटं काढावं लागलं.

आधी खुर्ची ४४ सेंमीवर होती. पाय फरशीला छान टेकत, पण कोपर जेमतेम ६५ सेंमीवर येई. कीबोर्ड वर, हात खाली. मग खांदे उचलून टाइप करायचं आणि दुपारनंतर मान धरायची. खुर्ची ५४ वर नेली, तसं कोपर टेबलाच्या पातळीला आलं. कीबोर्डचे मागचे पाय मिटवले की मनगटही सरळ राहतं. खुर्चीचं माप माणूस बसलेला असतानाच घ्या. फोम दोन-तीन सेंमी सहज दबतो.

आता पाय १० सेंमी अधांतरी. तसंच बसलं तर खुर्चीची कड मांडीखाली रुतते, पायाला मुंग्या येतात, आणि माणूस नकळत पुढे सरकून पाठीचा टेका सोडतो. साडेसात सेंमीच्या दोन विटा आणि वर अडीच सेंमीची फळी, झालं काम. विटांखाली जुनी रबरी मॅट टाका, नाहीतर शहाबादी फरशीवर सरकतात.

बहुतेकजण इथेच थांबतात आणि फसतात. खुर्ची १० सेंमी वर गेली म्हणजे डोळेही तेवढेच वर गेले, स्क्रीन मात्र जुन्या जागी. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली हवी, अंतर हातभर. इथे पाच सेंमी कमी पडत होते, ए-फोर कागदाचं एक रीम बरोबर बसलं. महिन्याभरात कुणीतरी त्यातलेच कागद प्रिंटरला काढले आणि स्क्रीन परत खाली! लाकडी ठोकळाच करून घ्या. प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर हे माप चालत नाही. त्या चष्म्यात जवळचा नंबर खाली असतो, म्हणून हनुवटी वर जाते. तसं दिसलं की स्क्रीन खाली आणायची.

विश्रांतीचा अलार्म दर तीस मिनिटांनी लावला होता. समोर खातेदार उभा असताना तो बंदच केला जातो, आठवड्यात निकामी. व्हाउचरच्या गठ्ठ्याला बांधलेली विश्रांती टिकली: गठ्ठा संपला की तो कपाटात ठेवायला स्वतः उठायचं, खांदे मागे फिरवायचे, दारातून वीस सेकंद लांब बघायचं. गठ्ठा अर्ध्या तासाचाच ठेवायचा. मार्चअखेरीला मात्र गठ्ठे मोठे होतात आणि हेही कोलमडतं.

उरलेल्या दोन तक्रारी खुर्चीच्याच. रेक्झिनची पाठ मे महिन्यात घामाने चिकटते, टेका सुटतो. जाळीची पाठ घेतली असती तर बरं झालं असतं. आणि सहाव्या महिन्यापासून गॅस सिलिंडर हळूहळू बसतोय. सकाळी ५४, संध्याकाळी ५१. खांदे पुन्हा उचललेले दिसले की टेप लावून बघायचं. सिलिंडर सुटा बदलून मिळतो, त्यासाठी अख्खी खुर्ची टाकू नका.