शाळेतल्या वस्तू आणि विषयांचा इंग्रजी कार्डसंच: आठ महिन्यांनंतर

दुसरीतल्या दहा मुलांबरोबर हा संच मी आठ महिने वापरतेय. पेटीत चाळीस कार्डांच्या जोड्या आहेत. अठ्ठावीस वर्गातल्या वस्तूंच्या आणि बारा विषयांच्या. सोबत खेळांचे नियम सांगणारी छोटी पुस्तिका. कार्डं जाड आहेत, कोपरे अजून शाबूत आहेत, रंगही टिकलेत. त्याबद्दल तक्रार नाही.

माझा पहिला महिना मात्र जवळजवळ फुकट गेला. पुस्तिकेतला पहिला खेळ जोड्या लावण्याचा. कार्डं पालथी मांडायची, दोन उलटायची, सारखी निघाली तर आपली. मुलं रोज हाच खेळ मागायची आणि मला वाटायचं, शब्द बसतायत. एके दिवशी एका मुलीने नऊ जोड्या जिंकल्या. त्यातलंच एक कार्ड उचलून मी विचारलं, “व्हॉट्स धिस?” ती म्हणाली, “पट्टी.” बरोबरच होतं तिचं. जिंकायला तिला ‘रूलर’ हा शब्द लागलाच नव्हता, चित्र कुठे आहे एवढं लक्षात ठेवून भागत होतं.

मग मी नियम बदलला. कार्ड उलटलं की त्याचं नाव मोठ्याने म्हणायचं. दोन्ही नावं आली तरच जोडी मिळेल. नाव आठवत नसेल तर “व्हॉट्स धिस?” असं इतरांना विचारायचं. उत्तर मिळतं, पण कार्डं पुन्हा पालथी होतात आणि डाव पुढच्याकडे जातो. पहिले दोन दिवस कुरकुर झाली, खेळ रेंगाळला. तिसऱ्या दिवसापासून दुसऱ्याचा डाव चालू असतानाही मुलं ओठांतल्या ओठांत नावं पुटपुटायला लागली. माझ्या लेखी या संचाचा खरा उपयोग तिथून सुरू झाला.

सगळ्यात जास्त फळ दिलं ते ‘काय गेलं?’ या खेळाने, आणि त्याला कार्डंसुद्धा लागत नाहीत. ताटात खऱ्या आठ वस्तू ठेवायच्या: खोडरबर, शार्पनर, कात्री, खडू असं काहीबाही. मुलांनी डोळे मिटले की एक काढून घ्यायची. गेलेल्या वस्तूकडे बोट दाखवता येत नाही, म्हणून शब्द उच्चारावाच लागतो. आठच्या वर गेलात तर परीक्षा शब्दांची राहत नाही, नजरेची होते. नवे शब्द त्यात दोन-तीनच असावेत, बाकीचे ओळखीचे.

कार्डावर चित्राखाली स्पेलिंग छापलंय, ही मला मोठी खोट वाटते. नुकती वाचायला लागलेली मुलं ऐकलेला शब्द सोडून अक्षरं वाचतात. ‘सिझर्स’चं ‘स्किसर्स’ तिथेच झालं आणि सुटायला तीन आठवडे लागले. मी आता ती पट्टी कागदी टेपने झाकते आणि उच्चार पक्का झाल्यावरच उघडते.

दुसरी अडचण आपल्या मराठीची. ‘कंपास’च्या कार्डावर कर्कटक आहे. आपली मुलं कंपास म्हणतात ती पेटीला. त्यामुळे पेन्सिल बॉक्सचं चित्र दिसलं की सगळे एका सुरात “कंपास!” ही दोन कार्डं मी मुद्दाम शेजारी ठेवून, खरी पेटी उघडून, आतलं कर्कटक बाहेर काढून दाखवली. गोंधळ तेव्हा मिटला. वेगवेगळ्या दिवशी शिकवून मिटला नव्हता.

विषयांची बारा कार्डं मात्र फसली आहेत. विषयाचं चित्र काढणार कसं? सायन्सच्या कार्डावर परीक्षानळी आहे, मुलं म्हणतात “बॉटल”. मॅथ्सवर दोन अधिक दोन आहे, उत्तर येतं “फोर”. पृथ्वीचा गोल तर वस्तूंत ‘ग्लोब’ म्हणून आहे आणि विषयांत ‘जिऑग्रफी’ म्हणूनही! चूक मुलांची नाही.

त्यावर मी वेळापत्रकाचा खेळ बनवला. दोघांच्या हातात एकच वेळापत्रक, पाच दिवस, रोज चार तास. पण एकाच्या कागदावर जे तास रिकामे, ते दुसऱ्याच्या कागदावर भरलेले. मध्ये दप्तर उभं, म्हणजे डोकावता येत नाही. “व्हॉट्स आफ्टर मॅथ्स?” “सायन्स.” असं विचारत रिकामे तास भरायचे आणि शेवटी कागद जुळवून पाहायचे. इथे विषयाचं नाव हीच हवी असलेली माहिती असते, चित्राची गरजच पडत नाही. सुट्टीमुळे दोन आठवडे खंड पडला, तरी परतल्यावर बहुतेकांना आठ-नऊ विषय न अडखळता आठवले. निव्वळ कार्डांवर चार-पाचच्या पुढे गाडी गेली नव्हती.

विषयांची कार्डं आता मी मथळे म्हणून जमिनीवर मांडते आणि वस्तूंची त्यांच्याखाली लावायला सांगते. परवा एकाने रूलर मॅथ्सऐवजी आर्टखाली ठेवला. मी “व्हाय?” विचारलं, तर त्याने हवेत रेघ ओढली आणि म्हणाला, “लाइन. हाउस. आर्ट.” रूलर मी तिथेच राहू दिला.