शॅल, शुड, मे चिनीत नेताना: तीन शब्दसंचांपैकी कुठला घ्यावा?

इंग्रजी मानकातलं ‘शॅल’ म्हणजे सक्ती, ‘शुड’ म्हणजे शिफारस आणि ‘मे’ म्हणजे मुभा, हे या कामात असलेल्यांना सांगायला नको. चिनीत जाताना मात्र या तीन पायऱ्यांसाठी तीन वेगवेगळे शब्दसंच समोर येतात. पहिला बोलीजवळचा: 必须 (बीश्यू), 应该 (यिंगगाय), 可以 (खयी). शब्दकोश उघडला की हेच हाताला लागतात. दुसरा जीबी/टी १.१ या मानकातला, म्हणजे चीनमध्ये मानकं कशी लिहावीत ते सांगणाऱ्या मानकातला: 应 (यिंग), 宜 (यी), 可 (ख). तिसरा बांधकाम क्षेत्रातल्या मानकांचा, चार पायऱ्यांचा: सर्वांत वर 必须 आणि निषेधासाठी 严禁, त्याखाली 应, मग 宜, मग 可.

माझं काम बहुतेक यंत्रं आणि विद्युत उपकरणांच्या मानकांचं आणि त्यांवर बेतलेल्या खरेदीच्या तपशीलपत्रांचं. मी दुसऱ्या संचावर स्थिरावलो. पण पहिला संच वाईट आहे असं मी म्हणणार नाही. तो कामगारालाही एका वाचनात कळतो. इंटरनेट प्रोटोकॉलच्या दस्तऐवजांत तर १९९७ च्या आरएफसी २११९ ने ‘मस्ट’ आणि ‘शॅल’ एकाच अर्थाचे ठरवले आहेत, शब्दांच्या व्याख्यांचा हवाला दस्तऐवजाच्या सुरुवातीलाच दिलेला असतो आणि चिनी प्रोग्रामरना 必须 वाचायची सवय आहे. तिथे 应 चा आग्रह धरण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

माझी अडचण झाली ती एकाच शब्दापाशी: 应该. बोलताना हा शब्द ‘करायला हवं’ इतका मऊ आहे, म्हणून ‘शुड’साठी तो अगदी नैसर्गिक वाटतो. पण तांत्रिक चिनी गद्याला एकाक्षरी क्रियापदं आवडतात. एका कामात पलीकडच्या संपादकाने मजकूर आटोपशीर करताना 应该 मधलं दुसरं अक्षर जागोजाग काढून टाकलं. त्याच्या दृष्टीने ती फक्त शैलीची सफाई होती. पण उरलं ते 应, म्हणजे नेमकं ‘शॅल’. शिफारशी एका फटक्यात अटी झाल्या. पुरवठादाराच्या गुणवत्ता विभागाने त्या तपासणी यादीत सक्तीच्या रकान्यात घेतल्या आणि त्यांचा खर्च दरपत्रकात दिसू लागला, तेव्हा हा प्रकार उघडकीला आला.

त्या संपादकाला दोष देणंही कठीण आहे. जीबी/टी १.१ मधल्या तक्त्यात 应 च्या पुढे, विशिष्ट परिस्थितीत चालणारा पर्याय म्हणून, 应该 हाच शब्द दिलेला आहे. म्हणजे अक्षर न काढताही, नियम जाणणारा चिनी वाचक तुमचं ‘शुड’ सक्ती म्हणून वाचू शकतो, आणि तो चुकत नसतो. 宜 चे पर्याय म्हणून त्याच तक्त्यात 推荐 आणि 建议 आहेत, दोन्हींचा अर्थ शिफारस करणे, सुचवणे. 应该 ऐवजी 应当 घेतलं तर प्रकरण आणखी बिघडतं. चिनी कायद्यांच्या भाषेत बंधन सांगण्याचा नेहमीचा शब्दच तो आहे. तिथल्या संसदेच्या कायदेविषयक आयोगाने २००९ मध्ये केलेल्या लेखननियमांनुसार 应当 आणि 必须 यांच्या अर्थात तत्त्वतः फरक नाही.

एक छोटा नमुना घेऊन बघा. समजा मूळ कलमात तीन गोष्टी आहेत: बाहेरचं आवरण अर्थिंगला जोडणं सक्तीचं, केबल आणि तापणारा पृष्ठभाग यांच्यात किमान ५० मिमी अंतर राखण्याची शिफारस, आणि उत्पादकाला खुणेची दुसरी पद्धत वापरायची मुभा. दुसऱ्या संचात ते असं होतं:

```
外壳应接地。
电缆与发热表面的距离不宜小于50 mm。
制造商可采用其他标记方法。
```

मधल्या ओळीत नकार 宜 ला चिकटला आहे: ‘५० मिमीपेक्षा कमी असणं योग्य नाही’. चिनी मानकांत किमान मर्यादा सांगण्याची ही रुळलेली रीत आहे, आणि 不应小于 व 不宜小于 यांतला फरक तिथल्या अभियंत्याला लगेच कळतो. पहिल्या संचात हीच ओळ 不应该小于 अशी झाली असती, आणि मग वर सांगितलेला सगळा घोळ.

‘मे’ला थोडं जपावं लागतं. कलमात ‘झाकण गरम होऊ शकतं’ अशा अर्थी ‘मे’ आलं असेल तर ती मुभा नव्हे, शक्यता. तिथे 可能 लागतं. ‘मे नॉट’ तर दोन्हीकडे ओढतं. अर्थ मनाईचा असेल तर 不应, ‘नाही केलं तरी चालेल’ असा असेल तर 不必. 不可 मात्र वापरू नये, कारण मनाईसाठी 不应 ऐवजी ते वापरायचं नाही असं जीबी/टी १.१ च्या २००९ च्या आवृत्तीतच सांगितलं आहे. हा त्रास पहिल्या संचातही टळत नाही, फक्त तिथे तो लवकर लक्षात येत नाही.

तिसऱ्या संचाबद्दल थोडक्यात. इमारतीची रचना, अग्निसुरक्षा अशा कामात वाचणाऱ्यांना चार पायऱ्यांची सवय असते, आणि मूळ मजकूरच त्या घडणीचा असेल तर तोच घ्यावा. पण इंग्रजीत सक्तीची एकच पायरी असताना त्यातलं कुठलं ‘शॅल’ 必须 आणि कुठलं 应, हे अनुवादकाने ठरवायचं, म्हणजे मानकात नसलेली उतरंड त्यात घालायची. शिवाय 必须 मोकळं ठेवण्याचा एक फायदा आहे. आयएसओच्या २०१८ च्या लेखननियमांपासून ‘मस्ट’ हा शब्द बाहेरून येणाऱ्या बंधनासाठी, उदाहरणार्थ एखाद्या देशाच्या कायद्यासाठी, राखलेला आहे. जीबी/टी १.१ ही 应 च्या जागी 必须 नको म्हणतं, ते मानकातली अट आणि कायद्याची सक्ती यांची सरमिसळ होऊ नये म्हणूनच.

दुसऱ्या संचातही खोट आहे. 宜 पुस्तकी वाटतो, आणि कारखान्याच्या फलकावर लावायच्या सूचनेत मी तो वापरणार नाही. तिथे 建议 बरं. तपासणीही सोपी नाही. 应 शोधायला गेलं की 反应, 供应, 应力, 应用 असे शब्द ढिगाने येतात, आणि 可 च्या शोधात 可靠 व 可能. त्यामुळे मूळातले ‘शॅल’ आणि अनुवादातले 应 नुसते मोजून हिशेब जुळत नाही. मी कलमागणिक जुळवतो: डावीकडे मूळ कलम, उजवीकडे चिनी, मधल्या रकान्यात फक्त पायरी. शेवटी संपूर्ण फाइलमध्ये 应该, 应当 आणि 不可 शोधतो. 不可 च्या शोधात 不可能 सारखे निरुपद्रवी शब्दही येतात, ते नजरेने वगळावे लागतात. बाकी तिन्हींचा आकडा शून्य यायला हवा, आणि संपादकाकडून मजकूर परत आला की मधला रकाना पुन्हा भरून जुन्याशी ताडून बघायला हवा.