कोअर कटिंग टेस्ट: जुन्या इमारतींवर आठ महिने वापरल्यानंतर

जुन्या आरसीसी इमारतीच्या काँक्रीटची ताकद काढायला आठ महिने कोअर टेस्ट वापरली, म्हणजे काँक्रीटमधून गोल तुकडा, कोअर, कापून काढायचा आणि मशीनमध्ये दाबून फोडायचा. टेस्ट भरवशाची आहे, तक्रार आहे ती रिपोर्टच्या शेवटच्या ओळीबद्दल. तिथे बहुधा असतं: 'सरासरी ग्रेडच्या ८५ टक्क्यांवर, एकही कोअर ७५ टक्क्यांखाली नाही, सबब पास.' ग्रेड म्हणजे काँक्रीटची ठरवून दिलेली ताकद, आणि आयएस ४५६ या भारतीय मानकातली ही कसोटी नव्या कामाचं काँक्रीट स्वीकारायचं की नाही, हे ठरवण्यासाठी आहे. उभ्या इमारतीचं डिझाइन तपासताना पास-नापासचा उपयोग नाही, तिथे आकडा लागतो.

तो आकडा कसा निघतो ते बघू. १०० मिमी व्यासाचा कोअर, टोकं सपाट करण्याच्या कॅपिंगनंतर उंची १५० मिमी, ११८ किलोन्यूटनला फुटला. क्षेत्रफळ ७८५४ चौ. मिमी, म्हणजे ताकद १५.० मेगापास्कल. उंची व्यासाच्या दीडपट असल्यामुळे आयएस ५१६ च्या आलेखानुसार गुणक ०.११ × १.५ + ०.७८ = ०.९४५ येतो. गुणून १४.२, आणि क्यूबच्या, म्हणजे घनाकृती नमुन्याच्या, ताकदीत बदलायला १.२५ ने गुणलं की १७.७. लॅबने यातली कुठली पायरी आधीच केली आहे, हे विचारून घ्याच. १.२५ दोनदा लागला तर कमजोर कॉलम कागदावर मजबूत दिसतो.

आता एका मजल्याचे सहा कॉलम धरू: १७.७, २१.४, १९.२, २२.६, ११.८, २०.१. सरासरी १८.८. ही सरासरी थेट डिझाइनमध्ये घालू नका, कारण निम्म्याच्या आसपास काँक्रीट तिच्याहून कमजोर असतं. ईएन १३७९१ या युरोपीय मानकाच्या २००७ च्या आवृत्तीत तीन ते सहा कोअर असतील तर सरासरीतून ७ वजा करायचे, सर्वांत कमी आकड्यात ४ मिळवायचे आणि दोन्हींतला लहान आकडा घ्यायचा. इथे ११.८ आणि १५.८, म्हणून ११.८. नंतरच्या आवृत्तीत ही रीत बदलली, पण थोडे कोअर म्हणजे मोठी वजाबाकी, हे या जुन्या रीतीतून चटकन कळतं.

खरा वाद होतो सहांतल्या सर्वांत कमी, ११.८ च्या कोअरवरून. 'खराब निघाला, काढून टाका' असं सर्रास म्हणतात. आधी तो कोअर हातात घेऊन बघा. त्यात सळईचा तुकडा आहे का? मशीन नीट न बांधल्याने बाजूला लाटा उमटल्या आहेत का? कोअर कॉलमच्या माथ्याजवळून घेतला होता का? ओल्या काँक्रीटमधून सुटणारं ब्लीडिंगचं पाणी वर चढत असल्यामुळे तिथलं काँक्रीट मुळातच कमजोर असतं. असं कारण सापडलं तरच तो वगळा, आणि त्याच कॉलमच्या मध्यावर, रीबार लोकेटरने सळया चुकवून, दुसरा घ्या. कोअरमध्ये पोकळ्या दिसल्या आणि भोकात टॉर्च मारल्यावर आतही तशाच दिसल्या, तर मात्र तो आकडा खरा आहे. मग आजूबाजूच्या कॉलमचे कोअर वाढवा आणि त्या कॉलमचा हिशेब वेगळा करा.