सोळा महिन्यांनंतरचा अनुभव: स्टिकला हात न लावता चालणारे पात्र

व्हिडिओ गेम खेळण्याचा हा वायरलेस कंट्रोलर मी 2,499 रुपयांना घेतला आणि पहिले अकरा महिने त्याच्याविषयी माझी एकही तक्रार नव्हती. त्याची पकड, बॅटरी आणि बटणे यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून मी ते टाळते. मला लिहायचे आहे ते केवळ डाव्या स्टिकविषयी.

फावल्या वेळात मी गोडो इंजिनवर एक छोटा खेळ तयार करते आणि त्याची चाचणी माझा भाचा घेतो. एका रविवारी कंट्रोलर टीपॉयवर ठेवून तो पाणी प्यायला गेला आणि परत येईपर्यंत खेळातले पात्र कड्यावरून खाली पडलेले होते. "मावशी, मी हातसुद्धा लावला नाही, तो आपणहून चालत गेला," असे त्याने शपथेवर सांगितले. मी विश्वास ठेवला नाही. दोन दिवसांनी माझ्या डोळ्यांदेखत तोच प्रकार घडला, तेव्हा त्याची माफी मागावी लागली.

वॉरंटी एक वर्षाची असल्यामुळे मी तातडीने सेवा केंद्र गाठले. तिथल्या गृहस्थांनी कंट्रोलर संगणकाला जोडला, पडद्यावरचा ठिपका मध्यावर असल्याचे दाखवले, आणि ड्रिफ्ट, म्हणजे हात न लावता स्टिकचा आकडा सरकणे, ही वापराने होणारी झीज असल्यामुळे ती वॉरंटीत बसत नाही, असेही वर ऐकवले. दोष नाही आणि असलाच तर तो झिजेचा, ही दोन्ही उत्तरे एकाच दमात मिळाल्यावर मी घरी आले आणि या कंट्रोलरला मनातल्या मनात एक तारा दिला.

तो ठिपका मध्यावर का दिसला, हे मात्र मला छळत राहिले. माझ्या संगणकावर लिनक्स आहे, त्यामुळे `evtest` चालवून स्टिकचे कच्चे आकडे पाहिले. प्रत्येक अक्षाचा आकडा -32768 ते 32767 या मर्यादेत येतो. स्टिक वर ढकलून सोडली, तर आडव्या अक्षाचा `ABS_X` 2950 च्या आणि उभ्या अक्षाचा `ABS_Y` -1310 च्या आसपास स्थिरावत होते, म्हणजे पूर्ण हालचाल 1 मानली तर 0.09 आणि -0.04. डावीकडे जोरात ढकलून सोडल्यावर मात्र ते -4260 आणि 1640 वर, म्हणजे -0.13 आणि 0.05 वर थांबत होते. माझ्या खेळात प्रत्येक अक्षासाठी डेड झोनची मर्यादा 0.10 होती, म्हणजे त्याहून लहान आकडा शून्य धरला जाई. त्यामुळे एरवी पात्र शांत उभे राहत असे आणि डावीकडे धावून थांबल्यावरच सरकत असे. भाच्याने शेवटची धाव डावीकडे घेतली होती, आणि सेवा केंद्रातल्या गृहस्थांनी स्टिक बहुधा डावीकडे ढकललीच नसावी.

या स्टिकच्या मुळाशी प्रत्येक अक्षासाठी एक पोटेन्शिओमीटर असतो: कार्बनच्या पट्टीवरून धातूची एक पाती घासत जाते आणि तिच्या जागेवरून व्होल्टेज बदलते. घासून पट्टी झिजते, बारीक भुकटी साचते आणि मध्यावर आणणारी स्प्रिंगही सैलावते. केवळ मध्यबिंदू सरकला असता, तर तेवढा आकडा वजा करून काम भागले असते, आणि कॅलिब्रेशन नेमके तेच करते. माझी स्टिक मात्र प्रत्येक दिशेने सोडल्यावर वेगळ्या जागी थांबत होती. एका जागेसाठी केलेली दुरुस्ती दुसऱ्या जागेसाठी बिघाड ठरत होती, म्हणून डेड झोन वाढवण्यावाचून पर्याय नव्हता.

आठही दिशांना वीस-वीस वेळा स्टिक सोडून मी मध्यापासूनचे अंतर काढले. सर्वांत मोठे अंतर डावीकडचे, 0.14 इतके आले. थोडी सवलत धरून मर्यादा 0.16 ठेवली. विंडोजच्या एक्सइनपुटमध्ये डाव्या स्टिकसाठी सुचवलेली मर्यादा 7849 आहे, म्हणजे सुमारे 24 टक्के, पण पैसे मोजून घेतलेल्या स्टिकची जवळजवळ पाव हालचाल फुकट घालवणे माझ्या स्वभावात बसत नाही.

पहिला प्रयत्न फसला, आणि चूक माझी होती. मी जुन्या पद्धतीनेच दोन्ही अक्षांना स्वतंत्रपणे 0.16 ची कात्री लावली. पात्र उभे राहिले, पण आता स्टिक 0.90 आणि 0.14 अशी किंचित तिरकी धरली, की दुसरा आकडा शून्य होऊन ते सरळ उजवीकडे जाई. वळणाची वाट चालताना पात्र रुळावरून घसरल्यासारखे आडव्या-उभ्या रेषांना चिकटत होते, कारण अशा डेड झोनचा आकार क्रूसासारखा असतो आणि त्याच्या चारही भुजा थेट कडेपर्यंत पोहोचतात.

मग अक्ष सोडून लांबी मोजली: दोन्ही आकड्यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ 0.16 पेक्षा कमी असेल तरच शून्य. डेड झोन वर्तुळाकार झाला आणि चिकटणे थांबले, पण नवी खोच निघाली. स्टिक 0.15 वर असताना पात्र स्तब्ध आणि 0.17 वर येताच एकदम 17 टक्के वेगाने चालू लागे. कड्याच्या काठावर दबकत जाणे अशक्य झाले. इथे त्रिज्येनुसार पुन्हा ताणणे, म्हणजे रेडियल स्केलिंग, कामाला येते. लांबीतून 0.16 वजा करून उरलेल्या 0.84 ने भागायचे आणि दिशा तशीच ठेवायची. मग 0.17 चे 0.012 होते, 0.58 चे बरोबर 0.5 आणि 1 चे 1 च राहते.

तरीही डावीकडे पात्र पूर्ण वेगाने धावेना, कारण त्या बाजूला स्टिक 0.94 च्या पुढे जातच नव्हती. म्हणून बाहेरची मर्यादा 0.93 धरली:

```
var inner := 0.16
var outer := 0.93

func stick(v: Vector2) -> Vector2:
    var r := v.length()
    if r <= inner:
        return Vector2.ZERO
    var k := minf((r - inner) / (outer - inner), 1.0)
    return v / r * k
```

नंतर कळले की गोडोमधील `Input.get_vector` वर्तुळाकार डेड झोन आणि हे ताणणे आपणहून करते, फक्त बाहेरची मर्यादा त्यात देता येत नाही. दोन संध्याकाळी त्यात गेल्या, पण मी स्वतः लिहिले नसते तर ताणण्याचे कारण समजले नसते, अशी मनाची समजूत घातली.

विकत घेतलेल्या खेळांसाठी स्टीमच्या कंट्रोलर सेटिंगमध्ये डेड झोन वाढवला. तिथे एक खबरदारी घ्यावी लागते: खेळाचा स्वतःचा डेड झोन असेल, तर दोन्हींची भर पडून स्टिक जड झाल्यासारखी वाटते. खेळात तो कमी करण्याची सोय असेल, तर एकच ठेवावा.

या उपायाने माझे मत बदलले आणि एकाचे तीन तारे झाले. मात्र डेड झोन केवळ मध्याजवळचा दोष झाकतो. गेल्या महिन्यापासून स्टिक अर्ध्यावर स्थिर धरली, तरी आकडा मध्येच 0.55 वरून 0.31 वर उडी मारतो आणि चालणारे पात्र क्षणभर अडखळते. हा पट्टीवरच्या खड्ड्याचा दोष आहे आणि कोणत्याही मर्यादेत तो मावत नाही. फटीतून आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब सोडल्यावर आठवडाभर बरे वाटले, मग उड्या परत आल्या.

ओळखीच्या दुरुस्तीवाल्यांनी चुंबकावर चालणारी हॉल इफेक्ट स्टिक बसवण्याचे 700 रुपये सांगितले आहेत. तिच्या संवेदकात घासणारी पाती नसते, पण स्प्रिंग तिलाही असतेच, म्हणून जोडणी झाल्यावर त्यांच्या टेबलावरच आठही दिशांचे आकडे घ्यायचे आणि मगच पैसे द्यायचे, असे ठरवले आहे. भाच्याने वही आधीच आखून ठेवली आहे.